माणूस बदलला, खाते तेच
(देवबाग येथे माड बागायतदारांच्या बैठकीत एका खत विक्री प्रतिनिधीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली काही वर्षे तुमच्याकडे आमच्या पेढीतर्फे जे गृहस्थ येत होते, त्यांची बदली झाली आहे. तारकर्लीपासून संगमाच्या टोकापर्यंतची सगळी खाती आता माझ्याकडे आली आहेत. परवा एका आजोबांनी मला अंगणातच विचारले, "आधीचो माणूस गेलो, आता तुमी इलात. पण दर तोच रवतलो मा?" प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. काही दर तेच राहतील, काहींबद्दल मी शब्द देऊ शकत नाही. कुठले कुठले, ते आज समजावून घ्या.

प्रथम युरिया. याचा कमाल विक्री भाव सरकार ठरवते, पेढी नव्हे. ४५ किलोच्या पोत्याचा भाव निमलेप आणि कर धरून २६६ रुपये ५० पैसे आहे. माणूस बदलल्याने त्यात एक पैसाही बदलत नाही. २०१८ साली पोते ५० किलोचे ४५ किलोचे झाले, तेव्हा पुष्कळांना भाव उतरल्यासारखा वाटला. निमलेप आणि कर वगळून ५० किलोला २६८ रुपये होते, ४५ किलोला २४२ झाले. म्हणजे किलोला ५ रुपये ३६ पैशांऐवजी ५ रुपये ३८ पैसे. भाव जागच्या जागीच राहिला, वजन मात्र कमी झाले. म्हणून माझ्याशी पोत्याच्या भावाने बोलू नका, किलोच्या भावाने बोला.

म्युरेट ऑफ पोटॅश आणि सुपर फॉस्फेट यांचे तसे नाही. २०१० पासून यांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान मिळते आणि विक्रीचा भाव कंपनी ठरवून पोत्यावर छापते. म्युरेट तर जवळजवळ सगळे परदेशातून येते. त्यामुळे परदेशी बाजार किंवा रुपया हलला की नव्या मालावर नवा भाव छापून येतो. तो ऑक्टोबरात काय असेल हे मी सांगू शकत नाही, आणि आधीच्या गृहस्थांनाही सांगता येत नव्हते. मात्र ज्या पोत्यावर जो भाव छापला आहे, त्यापेक्षा जास्त मी घेऊ शकत नाही. गोदामात जुन्या भावाची पोती असतील तोवर ती त्याच भावाने मिळतील. मालवणहून घरपोच आणण्याचे टेम्पोभाडे मात्र खताच्या भावात मिसळणार नाही. ते पावतीवर वेगळे लिहिले जाईल. ज्यांना ते नको, त्यांनी स्वतःच्या गाडीने माल न्यावा.

आता हिशोब. खाती माझ्या हाती आल्यावर मी वहीतली प्रत्येक बाकी तुमच्या घरी येऊन ताडून पाहायला सुरुवात केली. एका बागेत फरक निघाला. आमच्या वहीत २,३५० रुपये येणे, बागायतदार म्हणतात १,१५० रुपये देणे. फरक १,२०० रुपयांचा. ते म्हणाले, फेब्रुवारीत रोख दिले. पावती नव्हती. ई-पॉस यंत्राची चिठ्ठी होती, पण ती एवढेच सांगते की कुठले खत, किती पोती, कोणाच्या अंगठ्यावर गेले. उधारीवरचे पैसे नंतर फेडले की नाही, हे तिच्यावर नसते. शेवटी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. त्यावर त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात "खतवाल्यांका १२००" लिहिलेले होते. मी आधीच्या गृहस्थांना दूरध्वनी केला. त्यांनी आपली खिशातली डायरी पाहिली, नोंद जुळली. पेढीने रक्कम जमा करून घेतली, पण त्यात आठवडा गेला. घरातल्या बाईमाणसाने कॅलेंडरवर ते लिहून ठेवले नसते तर काय झाले असते, हे मला सांगता येत नाही.

तेव्हा विनंती अशी की, जून उजाडण्याआधी आपापली बाकी माझ्याबरोबर तपासा. दोघांना मान्य झालेला आकडा तारखेसह लिहून दोघांनी सही करायची, एक प्रत तुमच्याकडे. फरक राहिला तर तोही आकड्यासह लिहायचा, "नंतर बघू" म्हणून सोडायचा नाही. कोणाला काही तोंडी कबूल केलेले असेल, तेही याच वेळी सांगा. पावती, चिठ्ठी किंवा डायरीतली नोंद असेल तर पेढी ते पाळणार आहे, तसे मी मालकांकडून लेखी घेतले आहे. काहीच नोंद नसेल तर मी विचारून उत्तर देईन. हो म्हणून वेळ मारून नेणार नाही. यापुढे माझ्या हातात रोख दिलीत तर छापील पावती घेतल्याशिवाय मला जाऊ देऊ नका.

पुरवठ्याचा क्रम आहे तोच ठेवतो. पूर्ण वाढलेल्या माडाला विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे वर्षाला सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट लागते. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदम. युरिया आणि म्युरेट जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत. आपली जमीन रेताड. सगळे एकदम घातले तर पावसाच्या पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली निघून जाते, म्हणून हप्ते महत्त्वाचे.

चाळीस माडांची बाग धरा. वर्षाचा युरिया ९० किलो, म्हणजे बरोबर दोन पोती. हप्त्याला ३० किलो. एक पोते जूनला उतरवतो. त्यातले उरलेले १५ किलो आणि ऑक्टोबरला येणारे दुसरे पोते मिळून पुढचे दोन्ही हप्ते भागतात. दोन्ही पोती जूनलाच घेतली तर खाऱ्या दमट हवेत युरियाचे दगड होतात. उघडलेले पोतेही तोंड घट्ट बांधून फळीवर ठेवा. म्युरेट ८० किलो लागते, ५० किलोच्या पोत्याने पहिले जूनला, दुसरे ऑक्टोबरला. वीस किलो शिल्लक राहील, ते पुढच्या जूनच्या हिशोबात धरू. सुपर फॉस्फेट १२० किलो म्हणजे दोन पोती आणि वर वीस किलो, ते शेजाऱ्याबरोबर पोते वाटून घ्या. कोणी तीन पोती गळ्यात मारत असेल तर समजा की त्याला आपला खप वाढवायचा आहे. तो मी असलो तरी!

आणखी एक. युरिया हवा तर बरोबर ही बाटली घ्यावीच लागेल, असे कोणीही म्हणू शकत नाही. आमच्याकडून असे झाले तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे जा, मला वाईट वाटणार नाही. उधारीची रीत जुनीच राहील. एका हप्त्याचा माल उधार, तो पुढच्या हप्त्याआधी चुकता.

मी नवखा आहे, हे कबूल. कोणाचा माड कुठल्या बाजूला वाळूत उभा आहे, कोणाच्या अंगणापर्यंत टेम्पो जातो आणि कोणाकडे पोते खांद्यावरून न्यावे लागते, हे आधीच्या गृहस्थांना पाठ होते. मला ते शिकायला एक पावसाळा जाईल. त्यांनी मला लिहून दिलेल्या यादीत घरांचा क्रम आहे, त्याच क्रमाने येत्या बुधवारी तारकर्लीच्या बाजूने सुरुवात करतो. संगमाकडच्या मंडळींकडे गुरुवारी सकाळी. जुन्या पावत्या आणि कॅलेंडर हाताशी ठेवा.