तुटलेल्या कडेचा प्रश्न



आपल्यातले बरेच जण कुर्ल्याबाहेर गेले. मी अजून नेहरूनगरातच आहे आणि संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात नववीच्या मुलांचा अभ्यासगट घेते. आज तिथलीच एक गोष्ट सांगते.

एका मुलीने गणिताची झेरॉक्स आणली. कागद तिरका ठेवल्यामुळे डावी कड कापली गेली होती आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द गेला होता. पहिल्या ओळीत उरलं होतं, शंकूच्या तळाची त्रिज्या ७ सेमी व. दुसरीत, उंची २४ सेमी असल्यास त्याचे. तिसरीत नुसतं, काढा.

"ताई, उत्तर काय?"

खरं सांगते, पूर्वी असाच एक प्रश्न मी अंदाजाने पुरा केला होता. "घनफळ विचारलं असणार," असं म्हणून फळ्यावर उत्तर लिहिलं. मुलांनी आकडा उतरवून घेतला, माझं 'असणार' कुणीच उतरवलं नाही. चाचणीत वक्रपृष्ठफळ आलं आणि पाच जणांनी घनफळ काढून ठेवलं.

म्हणून या वेळी आधी फळ्यावर कागदावरचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि गेलेल्या जागी रिकाम्या चौकटी काढल्या. एक मुलगा लगेच म्हणाला, "७, २४, २५! तिरकस उंची २५." बरोबर होतं, पण २४ ही लंब उंची असेल तरच. 'उंची'च्या आधीची चौकट 'लंब'ची की 'तिरकस'ची, हे कागद सांगत नव्हता.

मग प्रत्येक शक्यतेचं पूर्ण वाक्य लिहिलं आणि त्याच्या खालीच उत्तर. २४ लंब उंची असेल, तर वक्रपृष्ठफळ २२/७ × ७ × २५, म्हणजे ५५० चौसेमी. एकूण पृष्ठफळ ७०४ चौसेमी. घनफळ १२३२ घसेमी. २४ तिरकस उंची असेल, तर वक्रपृष्ठफळ ५२८ आणि एकूण पृष्ठफळ ६८२ चौसेमी. घनफळाला मात्र ५२७ चं वर्गमूळ लागतं, तो प्रश्न नववीला कुणी घालणार नाही. तो मुलगा हटून बसला, "ताई, पूर्णांकात येतं तेच खरं." पण पाचही उत्तरं पूर्णांकातच होती! बिचारा गप्प झाला.

एक मुलगी लवकर निघाली होती. तिची वही मी दारातच उघडून पाहिली. तिने फक्त ५५० लिहिलं होतं. तिला परत बसवलं आणि 'लंब उंची असल्यास वक्रपृष्ठफळ' एवढं आकड्याआधी लिहायला लावलं. तिची आई खाली भाजी घेऊन ताटकळत होती, तिची बोलणी मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मूळ पुस्तक आलं. चौकटीत शब्द होते 'तिरकस' आणि 'वक्रपृष्ठफळ'. पोरांनी आपापल्या वहीतल्या ५२८ भोवती गोल केला.