स्लाइडवरच्या तीन ओळी आणि पाठ्यपुस्तकाची साक्ष

आजच्या विषयासाठी मी एकच स्लाइड तुमच्यासमोर ठेवणार आहे. अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंत जीवशास्त्र शिकवणाऱ्या कोणत्याही वर्गात ती दिसू शकेल. शीर्षक आहे ‘पेशीश्वसन’ आणि खाली तीन ओळी आहेत. पहिली : ग्लायकोलिसिसमध्ये ४ एटीपी तयार होतात. दुसरी : क्रेब्ज चक्रात ऑक्सिजन वापरला जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तिसरी : ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी मिळतात. या तिन्ही ओळींत दोष आहे, पण तिन्ही दोषांची जात वेगळी आहे. पहिली ओळ संदिग्ध आहे, दुसरी सरळ चुकीची आहे आणि तिसरी एके काळी बरोबर मानली जात होती, आता ती कालबाह्य झाली आहे. माझे म्हणणे असे की स्लाइड पुस्तकाशी ताडून पाहणे म्हणजे आकड्याला आकडा जुळतो का ते बघणे नव्हे. स्लाइड वाक्य आखूड करते आणि आखूड करताना त्या वाक्यामागची अट गाळते. पुस्तकात शोधायची ती ही गाळलेली अट, आणि दोष ज्या जातीचा असेल त्याप्रमाणे ती पुस्तकाच्या वेगवेगळ्या ठिकाणी सापडते.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करू. ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोजच्या सहा कार्बनांच्या रेणूचे तीन कार्बनांच्या दोन पायरुव्हेट रेणूंत होणारे विघटन. ते पेशीद्रवात, दहा टप्प्यांत घडते. त्यात ४ एटीपी तयार होतात हे खरे आहे. पण पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात ग्लुकोजला फॉस्फेट जोडण्यासाठी पेशीला स्वतःजवळचे २ एटीपी खर्चावे लागतात, त्यामुळे हाती उरतात २. दुकानदाराची विक्री आणि त्याचा नफा यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. स्लाइडवरची ओळ खोटी नाही; ती विक्री सांगते आणि नफ्याबद्दल गप्प बसते. विद्यार्थी मात्र पुढे एकूण हिशेब मांडताना हा ४ जसाच्या तसा उचलतो आणि त्याचे उत्तर दोनाने फुगते. अशी ओळ ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात आकडा असेल तर विचारावे : हा आकडा एकूण आहे की निव्वळ? आणि तो कशामागे आहे, ग्लुकोजच्या एका रेणूमागे की पायरुव्हेटच्या एका रेणूमागे? याचे उत्तर पुस्तकाच्या सारांशात सहसा मिळत नाही, कारण सारांशही आखूडच असतो. ते मिळते दहा टप्प्यांच्या आकृतीत, जिथे एटीपी आत जाणारे बाण आणि बाहेर पडणारे बाण बोटाने मोजता येतात.

दुसरी ओळ जास्त धोक्याची आहे, कारण तिचा अर्धा भाग बरोबर आहे. क्रेब्ज चक्रात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, चक्राच्या प्रत्येक फेरीत दोन रेणू. ते खरे असल्यामुळे वाचणाऱ्याची शंका तिथेच मावळते आणि पहिला अर्धा भागही गळ्याखाली उतरतो. आता पुस्तकातले चक्र उघडावे. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेले हे चक्र आठ टप्प्यांचे आहे. एकेका टप्प्यावर बोट ठेवून आत काय जाते आणि बाहेर काय येते ते वाचत जावे. पाणी आत जाताना दिसेल, एनएडी आत जाताना दिसेल, पण आण्विक ऑक्सिजन आठांपैकी एकाही टप्प्यात आत जात नाही. तो वापरला जातो पुढच्या प्रकरणात, तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर, इलेक्ट्रॉनांच्या वहनसाखळीच्या अगदी शेवटी, चौथ्या संकुलापाशी. तिथे तो इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते.

यावर कुणी म्हणेल, ‘पण ऑक्सिजन नसेल तर क्रेब्ज चक्र थांबते. मग ते ऑक्सिजन वापरते असे म्हटले तर बिघडले कुठे?’ आक्षेप मोलाचा आहे, कारण ही चूक इथूनच जन्मते. चक्र थांबते हे बरोबर आहे, पण त्याचे कारण निराळे आहे. चक्राला एनएडी लागते आणि त्याचे एनएडीएच होते. त्या एनएडीएचपासून पुन्हा एनएडी मिळवून देण्याचे काम वहनसाखळी करते, आणि साखळी ऑक्सिजनवाचून अडते. एनएडी संपले की चक्र अडते. म्हणजे चक्र ऑक्सिजनवर अवलंबून आहे, पण ते ऑक्सिजन वापरत नाही. हा भेद शब्दांचा कीस काढण्यासाठी मी करत नाही. तो धरला तरच पुढचा प्रश्न सुटतो : ऑक्सिजन अपुरा पडलेल्या स्नायूत ग्लायकोलिसिस कसे चालू राहते? कारण तिथे पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना एनएडी परत मिळते. क्रेब्ज चक्राला अशी पळवाट नाही. चुकीची ओळ पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे कारण कधीच दिसणार नाही, आणि त्याचे कारण असे की स्लाइडने ‘लागतो’ आणि ‘वापरला जातो’ एकाच शब्दात कोंबले.

आता तिसरी ओळ. ३८ हा आकडा कुठून आला ते आधी पाहू. एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच तयार होतात : ग्लायकोलिसिसमध्ये २, पायरुव्हेटपासून ॲसिटिल कोएन्झाइम-ए होताना २ आणि क्रेब्ज चक्रात ६. शिवाय २ एफएडीएच-टू तयार होतात, आणि ४ एटीपी थेट मिळतात. जुन्या हिशेबात एका एनएडीएचचे ३ एटीपी आणि एका एफएडीएच-टूचे २ एटीपी धरत. म्हणजे ३० अधिक ४ अधिक ४, बरोबर ३८. त्या काळी असे मानले जाई की वहनसाखळीत ठरावीक ठिकाणी एकेक एटीपी रासायनिक रीतीने घडतो. म्हणून गुणोत्तर पूर्णांकातच असायला हवे होते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये वेगळे चित्र मांडले. साखळी एटीपी घडवत नाही, ती पटलापलीकडे प्रोटॉन ढकलते आणि परत येणाऱ्या प्रोटॉनांच्या जोरावर एटीपी तयार होतो. या कल्पनेला १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा हे मान्य झाले की गुणोत्तर पूर्णांक असण्याचे कारणच उरत नाही. एका एनएडीएचमागे सुमारे १० प्रोटॉन बाहेर जातात, एफएडीएच-टूमागे ६. एक एटीपी तयार करून पेशीद्रवापर्यंत पोचवायला सुमारे ४ प्रोटॉन लागतात : तीन विकरातून जाणारे आणि एक वाहतुकीत खर्च होणारा. दहाला चाराने भागले की २.५, सहाला चाराने भागले की १.५. नव्या हिशेबात २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२.

याच ठिकाणी आणखी एक अट दडलेली आहे. ग्लायकोलिसिसचे २ एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात आणि त्यांना तंतुकणिकेत थेट प्रवेश नसतो; त्यांचे इलेक्ट्रॉन वाहून न्यावे लागतात. यकृत, मूत्रपिंड आणि हृदयात ते मॅलेट-ॲस्पार्टेटच्या वाटेने जातात आणि प्रत्येकी २.५ एटीपी देतात. कंकाल स्नायू आणि मेंदूत ते ग्लिसरॉल फॉस्फेटच्या वाटेने जातात आणि प्रत्येकी १.५ देतात. म्हणून आजच्या लेनिंजरच्या पुस्तकात ‘३० किंवा ३२’ असे लिहिलेले असते, आणि जुन्या पुस्तकांतल्या ‘३६ किंवा ३८’ या जोडीचे मूळही याच दोन वाटांत आहे. कालबाह्य ओळ ओळखण्याची जागा त्यामुळे निराळी. नुसता आकडा पाहून ती कळणार नाही. आधी पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर आवृत्तीचे वर्ष पाहावे, मग हिशेबाच्या कोष्टकाखालची तळटीप वाचावी. गृहीत धरलेले गुणोत्तर तिथे दिलेले असते. स्लाइड आणि पुस्तक यांत फरक दिसला, तर आपण गुणाकार पुन्हा करून पाहावा. ३ आणि २ ने गुणले तर ३८ येतात, २.५ आणि १.५ ने गुणले तर ३२. दोन आकड्यांमधला वाद गृहीताचा आहे, हे त्या दोन गुणाकारांतून दिसते.

इथे सर्वांत कसदार आक्षेप येतो : पुस्तक तरी अखेरचे कशावरून? नाहीच. गायीच्या तंतुकणिकेतील एटीपी घडवणाऱ्या विकराच्या फिरत्या कड्यात ८ घटक असतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले. कड्याच्या एका फेरीला ८ प्रोटॉन लागतात आणि तेवढ्यात ३ एटीपी तयार होतात. वाहतुकीचा एक प्रोटॉन मिळवला तर एका एटीपीमागे ४ ऐवजी सुमारे ३.७ प्रोटॉन पडतात आणि २.५ चे सुमारे २.७ होतात. शिवाय काही प्रोटॉन पटलातून तसेच झिरपतात, म्हणजे जिवंत पेशीत प्रत्यक्ष उत्पन्न हिशेबापेक्षा कमीच. पण यातून ‘मग स्लाइड काय नि पुस्तक काय, सारखेच’ असा निष्कर्ष निघत नाही. पुस्तक चुकले तरी ते आपला हिशेब उघड मांडते, म्हणून त्याची कोणती पायरी बदलली ते दाखवता येते. ‘३८’ या एका ओळीत दुरुस्त करायला पायरीच नसते.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा असतो आणि तो रास्त आहे : उत्तरपत्रिकेत ३८ च अपेक्षित असेल तर काय करायचे? शालेय पुस्तके आणि प्रश्नसंच यांत ३८ अजून टिकून आहे, ही वस्तुस्थिती आहे. ज्या परीक्षेला जे पुस्तक नेमले असेल, त्याचा आकडा लिहावा, पण गृहीतासकट लिहावा : ‘एका एनएडीएचचे ३ एटीपी धरल्यास ३८’. हे वाक्य जुन्या हिशेबातही खरे आहे आणि नव्यातही. शिक्षकांपुढे शंका मांडतानाही हाच मार्ग बरा. ‘सर, स्लाइड चुकली’ असे म्हणण्यापेक्षा ‘सर, पुस्तकात या पानावर २.५ धरले आहे, आपण ३ धरले आहेत का?’ असे विचारावे. या प्रश्नाला उत्तर देता येते, आणि देताना शिक्षकालाही आपले गृहीत तपासावे लागते.

‘स्लाइड आखूडच असणार, तीत सगळे कसे मावेल?’ हा शेवटचा आक्षेप. मावते. त्या तीन ओळी अशा लिहिता येतील. ग्लायकोलिसिस : एकूण ४, निव्वळ २ एटीपी. क्रेब्ज चक्र : कार्बन डायऑक्साइड बाहेर, ऑक्सिजन वापरला जातो तो वहनसाखळीच्या शेवटी. एका ग्लुकोजमागे ३० किंवा ३२ एटीपी, एनएडीएच = २.५ धरून. दर ओळीत दोन-चार शब्दच वाढले, पण गाळलेली अट परत आली. वहीत स्लाइड उतरवून घेताना विद्यार्थ्यानेही हेच करावे : ओळ लिहावी, शेजारी अट लिहावी आणि ती अट पुस्तकाच्या कोणत्या पानावर सापडली तो पानाचा क्रमांक टाकावा. ज्या ओळीशेजारी असा क्रमांक टाकता येत नाही, ती ओळ अजून तपासायची राहिली आहे असे समजावे.