लांबलचक पीडीएफ, मोजक्या कळा

वालावलमध्ये बसून पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्याला 2011चा गाडगीळ समितीचा पश्चिम घाट अहवाल टाळता येत नाही. तो इंग्रजीत आहे, दोन भागांत आहे आणि भरपूर लांब आहे. संगणकावर तो अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. कंट्रोल आणि एफ दाबून Sindhudurg टाइप करा. एंटर दाबत राहिलात, की आपल्या जिल्ह्याचा एकेक उल्लेख समोर येतो.

मजकुरातून एखाद्या तक्त्याकडे जायचंय? कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबा, पान क्रमांक द्या. तक्ता पाहून झाला, की आल्ट आणि डावा बाण: पुन्हा मूळ जागी! माझ्या मते सगळ्यात उपयोगी कळ हीच, आणि नेमकी हीच कुणाला ठाऊक नसते.

महत्त्वाचा मजकूर रंगवण्यासाठी यू ही कळ आहे. पण आधी प्रेफरन्सेसमधल्या जनरल विभागात एका कळीच्या शॉर्टकटचा पर्याय चालू करावा लागतो. रंगवून झाल्यावर कंट्रोल-एस विसरू नका.

समोर दिसणारा शब्दही शोधात सापडत नसेल, तर ती पीडीएफ बहुधा नुसती स्कॅन केलेली आहे. तिच्यावर आधी ओसीआर करून घ्या.