कर्ज फिटलं, पण कागद घरी आले का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. ज्यांनी सुरुवातीच्या काळात कर्ज काढून घरं घेतली, त्यांची कर्जं फिटली आहेत किंवा आता फिटत आहेत. माझी नोकरी बँकेत, कर्ज खात्यावर गेली. तेव्हा आज एवढ्याच प्रसंगाबद्दल बोलतो: शेवटचा हप्ता भरून झाला, बँकेने कर्ज बंद झाल्याचं पत्र दिलं, आणि काउंटरवर कागदांचा गठ्ठा ठेवून साहेब म्हणाले, "इथे सही करा." त्या सहीच्या आधी काय करायचं?

पत्राखाली कागदांची यादी असते. बहुतेक लोक यादीतले आकडे आणि हातातले कागद मोजतात, सात म्हणजे सात, आणि सही करतात. पण मोजणं वेगळं आणि तपासणं वेगळं. शिवाय ती यादीच पुरी आहे की नाही, हा प्रश्न राहतोच.

एका सभासदाचं उदाहरण सांगतो. नाव त्यांचंही नको आणि बँकेचंही नको. जव्हारमधला त्यांचा फ्लॅट मूळ मालकाने 1998 साली बिल्डरकडून घेतलेला. त्याच्याकडून यांनी 2009 मध्ये कर्ज काढून घेतला. 5 मार्च 2024 रोजी कर्ज पूर्ण फिटलं. कागद मुंबईच्या बाजूच्या साठवणीत होते, ते शाखेत आल्यावर 28 मार्चला यांना बोलावणं आलं. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की तीन कागद शेजारी ठेवा: कर्ज घेताना कागद जमा केल्याची बँकेची जुनी पोच, आता मिळालेलं बंद-पत्र, आणि सही करायची पावती. तिन्ही याद्या जुळल्या पाहिजेत.

यादीत पहिलाच कागद होता, "करारनामा 1998, मूळ". जिल्हा ठाणे असं त्यावर लिहिलेलं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी, त्याआधीच्या आपल्या सगळ्या दस्तांवर ठाणेच असणार. पण हातात आलेली होती ती वकिलाने सही-शिक्का मारलेली झेरॉक्स. ओळखायचं कसं? पान उलटून बघा. खऱ्या स्टॅम्पपेपरवर शाईची सही मागच्या बाजूला थोडी उमटते, गोल शिक्क्याचा उठाव बोटाला लागतो. झेरॉक्सवर शिक्का आणि सही दोन्ही सपाट, एकाच काळ्या रंगाची. कलर झेरॉक्स असेल तर नुसत्या डोळ्यांना फसायला होतं, म्हणून बोटाने बघायचं. निबंधक कार्यालयातून काढलेली प्रमाणित प्रतही मूळ दस्त नव्हे, तिच्यावर नक्कल असल्याचा शिक्का असतो.

2009 चा खरेदीदस्त मात्र मूळ होता. संगणकीय नोंदणी आल्यानंतरच्या दस्ताच्या प्रत्येक पानावर दस्त क्रमांक, वर्ष आणि एकूण पानांपैकी कितवं पान हे छापलेलं असतं. त्यामुळे पान गहाळ झालंय का ते लगेच कळतं. शेवटचं पान आहे का, फोटो-अंगठ्यांचं पान आहे का, तेवढं बघून घ्यायचं. नोंदणी फीची पावती आणि सूची क्रमांक 2 वरचा दस्त क्रमांकही तोच पाहिजे.

दुसरी गोष्ट यादीत नव्हतीच. आपल्या संस्थेचा भाग दाखला. फ्लॅट नावावर झाल्यावर संस्थेने दाखल्याच्या मागे हस्तांतराची नोंद केली आणि मग तो बँकेला वेगळ्या पत्राने जमा झाला. म्हणजे कर्ज दिल्यानंतर कित्येक आठवड्यांनी. पहिली पोच आधीच झालेली, त्यामुळे तिच्यात तो नाही, आणि तीच यादी उतरवून काढलेल्या बंद-पत्रातही नाही. सुदैवाने त्या पत्राची बँकेचा शिक्का असलेली पोच संस्थेच्या फाइलमध्ये होती. ती दाखवल्यावर दाखला त्याच पाकिटाच्या तळाशी सापडला. त्यावरचा दाखला क्रमांक आणि भागांचे अनुक्रमांक संस्थेच्या भाग नोंदवहीशी ताडून घेतले.

आता सही. पावतीवर छापलेलं होतं, "सर्व मूळ कागदपत्रे मिळाली". त्यांनी ते खोडून हाताने लिहिलं: "क्र. 1 चा मूळ दस्त मिळाला नाही, झेरॉक्स दाखवली; बाकी मिळाले." खाली तारीख घातली आणि शाखेच्या शिक्क्याची प्रत घेतली. काउंटरवरचे कर्मचारी कुरकुरले. पण "सर्व मिळाले" असं लिहून दिल्यावर हरवल्याची जबाबदारी आपल्यावर येते. उद्या घर विकायला काढलं की खरेदीदाराची बँक पहिला करारनामा मागते. मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, हमीपत्र, प्रमाणित प्रत, हे सगळं स्वतःच्या खर्चाने. आणि तरीही एखादी बँक नाही म्हणतेच.

रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी याबाबत परिपत्रक काढलं, ते 1 डिसेंबर 2023 पासून परत द्यायच्या कागदांना लागू झालं. घरकर्जासारखं वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत बँकेने सर्व मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. बँकेच्या कारणाने उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. या सभासदाची मुदत 4 एप्रिलला संपली. मूळ करारनामा 20 एप्रिलला मिळाला. सोळा दिवस, म्हणजे 80,000 रुपये. पावतीवरच्या हस्ताक्षरातल्या दोन ओळी नसत्या, तर उशीर झाला हेच सिद्ध झालं नसतं. कागद खरोखर हरवला असेल तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात. दुय्यम किंवा प्रमाणित प्रत मिळवायला मदत करणं आणि तिचा खर्च बँकेचाच, आणि भरपाई साठ दिवसांनंतर मोजली जाते. अशा वेळी "दस्त आमच्या ताब्यात असताना गहाळ झाला" असं बँकेचं पत्र मागून घ्या. पुढच्या खरेदीदाराला तेच दाखवायचं आहे.

कागद घ्यायला मुंबईला जाणंही सक्तीचं नाही. कर्जखातं ज्या शाखेत होतं तिथे घ्यायचे की कागद असलेल्या कार्यालयात, हा पर्याय कर्जदाराचा आहे. मोखाड्याहून एसटीने जाणाऱ्या माणसाला याचा अर्थ कळेल.

एक मर्यादा सांगतो. हा नियम बँका, नागरी आणि जिल्हा सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या यांना लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे. तिथे रोजच्या 5,000 रुपयांचा हा नियम नाही, म्हणून पतसंस्थेत कागद देतानाच सविस्तर पोच घ्यायची. बँक तक्रारीचं उत्तर देत नसेल, तर तीस दिवस थांबून cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

शेवटी सचिवांना विनंती. कर्जदार सभासदाचा भाग दाखला बँकेला गेला की त्या पत्राची पोच फाइलला लावा. कर्ज फिटल्यावर बँकेचं बोजा काढल्याचं पत्र आल्याशिवाय आपल्या नोंदवहीतला बोजा खोडू नका, आणि ते पत्र आलं की दाखला घेऊन या असं सभासदाला सांगा. सातबाऱ्यावर बोजा चढलेला असेल, तर तेच पत्र तलाठी कार्यालयातही द्यावं लागतं, तो आपोआप उतरत नाही.

ज्यांची कर्जं सध्या चालू आहेत, त्यांनी घरी गेल्यावर जुनी पोच शोधून ठेवा. सापडली नाही, तर आत्ताच बँकेकडून जमा कागदांची यादी लेखी मागा. कर्ज चालू असताना ती मागणं सोपं जातं.