घरमालकाकडे ठेवलेल्या अनामतीचे व्याज

इंदापूर तालुक्यातील निरवांगी आणि तिच्या आसपासच्या गावांतील कुटुंबांत ऊस, दूध किंवा जमिनीच्या व्यवहारातून एकरकमी पैसा हातात येतो, आणि त्याच सुमारास मुलगा किंवा सून नोकरीनिमित्त पुण्याला बिऱ्हाड करते, तेव्हा घरभाड्याच्या बोलणीत एक प्रस्ताव हमखास पुढे येतो: अनामत मोठी द्या, भाडे कमी लावू. पुण्यामुंबईकडे या व्यवहाराला ‘हेवी डिपॉझिट’ असे नाव पडले आहे. करार संपल्यावर अनामत पूर्णपणे परत मिळणार असल्याने ती खर्च नव्हेच, अशी देणाऱ्याची समजूत असते, आणि भाड्यात झालेली कपात ही निव्वळ मिळकत वाटते. अर्थशास्त्र मात्र अशा पैशालाही किंमत लावते. एखादी रक्कम एका कामी गुंतवल्यामुळे तिच्या दुसऱ्या सर्वोत्तम वापरातून मिळू शकणारे जे उत्पन्न सोडावे लागते, त्याला संधिव्यय म्हणतात. परत मिळणाऱ्या अनामतीचा खर्च हा असा संधिव्यय असतो, आणि तो कोणत्याही पावतीवर छापला जात नसल्यामुळेच नजरेतून सुटतो.

हा हिशोब मांडण्यासाठी एक कल्पित, परंतु नित्याच्या व्यवहारासारखे उदाहरण घेता येईल. पुण्यातील एका सदनिकेसाठी मालक दोन पर्याय देतो. पहिल्यात ६०,००० रुपये अनामत आणि दरमहा १५,००० रुपये भाडे आहे. दुसऱ्यात ६,६०,००० रुपये अनामत आणि दरमहा १२,००० रुपये भाडे आहे. दोन्हींची मुदत ३६ महिने. येथे पहिली चूक होते ती सगळ्या ६,६०,००० रुपयांवर व्याज मोजण्याची. त्यांपैकी ६०,००० रुपये दोन्ही पर्यायांत द्यावेच लागणार असल्याने ते निर्णयावर परिणाम करीत नाहीत. तुलना करायची ती फक्त वाढीव ६ लाखांची आणि त्यांच्या बदल्यात वाचणाऱ्या भाड्याची. महिन्याला ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये वाचतात, आणि ६ लाखांवर ३६,००० म्हणजे शेकडा ६ हा दर पडतो. घरमालक भाडेकरूकडून ६ लाख रुपये उसने घेतो आणि त्यावर शेकडा ६ दराने व्याज देतो, फक्त ते व्याज भाड्यातून वळते करतो, असे या व्यवहाराचे खरे रूप आहे.

आता हेच ६ लाख बँकेच्या मुदत ठेवीत शेकडा ७ दराने ठेवता येत असतील, तर वर्षाला ४२,००० रुपये मिळाले असते, म्हणजे मोठी अनामत देणाऱ्याला दर वर्षी ६,००० रुपयांचा तोटा होतो. परंतु ठेवीवरील व्याज करपात्र असते, तर वाचलेल्या भाड्यावर कोणताही कर लागत नाही. ज्याच्या व्याजावर शेकडा २० कर पडतो, अशा पगारदाराच्या हाती ४२,००० पैकी ३३,६०० रुपयेच उरतात, आणि त्याच्यापुरता ३६,००० वाचवणारा पर्याय सरस ठरतो. याउलट ज्या शेतकरी कुटुंबाचे मुख्य उत्पन्न शेतीचे आहे आणि ज्याला आयकर भरावाच लागत नाही, त्याला ठेवीचे व्याज पूर्ण मिळते, म्हणून त्याचा संधिव्यय त्याच सदनिकेसाठी, त्याच अटींवर, शहरी पगारदारापेक्षा अधिक असतो. पुण्यातील सहकाऱ्याने मोठी अनामत देऊन फायदा मिळवला म्हणून गावाकडच्या पैशानेही तसेच करावे, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. पैसा कोणाच्या खात्यातून जातो आणि त्याच्या व्याजावर कर पडतो का, हे आधी पाहावे लागते.

संधिव्यय मोजताना सर्वोत्तम पर्याय कोणता, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात उसाच्या लागणीला, ठिबकला, खताला ठरावीक वेळी रोख पैसा लागतो. घरातले ६ लाख पुण्याच्या घरमालकाकडे अडकले आणि लागणीच्या वेळी तेवढ्याच रकमेसाठी दागिने ठेवून शेकडा १० दराने सोनेतारण कर्ज काढावे लागले, तर त्या कुटुंबाचा संधिव्यय मुदत ठेवीचे ४२,००० रुपये राहत नाही. तो कर्जाच्या व्याजाचे ६०,००० रुपये होतो, आणि भाड्यातली ३६,००० रुपयांची बचत वजा जाताही दर वर्षी २४,००० रुपयांची खोट बसते. अंगावर आधीच कर्ज असेल तर ते फेडणे ही सर्वांत खात्रीची गुंतवणूक असते, कारण वाचलेले व्याज निश्चित असते. म्हणून कर्जबाजारी कुटुंबाने अनामतीची तुलना ठेवीच्या दराशी करणे चुकीचे आहे. त्याने ती आपल्या सर्वांत महाग कर्जाच्या दराशी करावी.

उलट दिशेची चूकही तेवढीच होते. म्युच्युअल फंडातून शेकडा १२ मिळतात असे गृहीत धरून संधिव्यय ७२,००० रुपये दाखवणारे हिशोब आढळतात, पण शेअर बाजाराशी जोडलेल्या गुंतवणुकीचे मूल्य ३६ महिन्यांच्या शेवटी मुद्दलाहूनही खाली असू शकते, आणि करार संपण्याच्या नेमक्या महिन्यात ते वरच असेल याची हमी कोणी देत नाही. पतसंस्थेच्या चढ्या दरालाही हाच नियम लागू होतो: बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांतील ठेवींसह, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, आणि पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. तुलना सारख्या जोखमीच्या गोष्टींची असली पाहिजे. महागाईचेही तसेच: अनामत परत मिळेल तेव्हा रुपयाची खरेदीशक्ती घटलेली असेल हे खरे आहे, पण बुडालेले व्याज एकदा मोजल्यावर महागाईची घट वेगळी मोजली तर एकच नुकसान दोनदा धरले जाते, कारण बँकेच्या व्याजदरात महागाईची भरपाई बऱ्याच अंशी आलेलीच असते.

अनामतीला व्याजाची किंमत असते हे महाराष्ट्र शासनाने कायद्यातच मान्य केलेले आहे, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद ३६-अ नुसार लिव्ह अँड लायसन्स करारावर शेकडा ०.२५ दराने मुद्रांक शुल्क आकारताना एकूण भाड्यात परतफेडीच्या अनामतीवरील वार्षिक शेकडा १० दराचे मानीव व्याज मिळवले जाते. मानीव म्हणजे प्रत्यक्षात कोणी कोणाला न दिलेले, पण हिशोबापुरते दिले असे धरलेले. वरच्या उदाहरणात पहिल्या पर्यायाचे ३६ महिन्यांचे भाडे ५,४०,००० आणि मानीव व्याज १८,००० मिळून ५,५८,००० रुपये होतात. दुसऱ्याचे भाडे ४,३२,००० आणि मानीव व्याज १,९८,००० मिळून ६,३०,००० रुपये. शुल्कात फरक पडतो तो अवघ्या १८० रुपयांचा, पण शासनाच्या फूटपट्टीने मोजले तर कमी भाड्याचे घर तीन वर्षांत ७२,००० रुपयांनी महाग आहे. शेकडा १० हा दर प्रत्येक कुटुंबाला लागू पडतो असे नाही. तरीही भाडे आणि अनामत एका मापात आणण्याची ही पद्धत कोणालाही घरबसल्या वापरता येते, फक्त १० च्या जागी आपला खरा दर घालावा लागतो.

आतापर्यंतच्या हिशोबात अनामत वेळेवर आणि पूर्ण परत मिळते असे गृहीत धरले आहे, आणि या व्यवहाराची खरी कमजोरी तेथेच आहे. कब्जेगहाणाच्या जुन्या पद्धतीत पैसे देणारा व्याजाऐवजी जमीन कसून खातो, आणि मुद्दल मिळेपर्यंत ती जमीनच त्याच्यासाठी तारण असते. मोठ्या अनामतीचा आर्थिक घाट तसाच आहे, पण तारण नाही. लिव्ह अँड लायसन्स करारात भाडेकरूला फक्त राहण्याची परवानगी मिळते आणि सदनिकेवर त्याचा कोणताही बोजा चढत नाही. मालकाने ती आधीच बँकेकडे गहाण ठेवली असेल आणि हप्ते थकले, तर त्या मालमत्तेवर बँकेचा हक्क आधी येतो. पैसे मिळेपर्यंत घर सोडायचे नाही, हा मार्गही सुरक्षित नाही, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहिलेल्या परवानाधारकाकडून ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल होऊ शकते. दक्षिण कोरियात ‘जॉन्से’ नावाची अशीच प्रथा आहे, ज्यात घराच्या किमतीचा मोठा हिस्सा अनामत देऊन भाडे अजिबात भरावे लागत नाही. तेथे भाडेकरूच्या अनामतीला अग्रक्रम देणारी नोंद आणि हमीविमा असूनही अनामती बुडण्याची प्रकरणे इतकी वाढली की २०२३ मध्ये पीडितांसाठी विशेष कायदा करावा लागला.

या जोखमीची खूण बहुधा प्रस्तावातच असते. मालकाला बँकेकडून तारणी कर्ज शेकडा ९ किंवा १० दराने मिळू शकत असताना तो भाडेकरूला शेकडा ६ देऊ करतो, यात त्याचा साधा फायदा आहे. पण तोच मालक ६ लाखांच्या बदल्यात महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे शेकडा १२, सोडायला तयार असेल, तर बँकेने त्याला कर्ज का दिले नाही हे विचारले पाहिजे. अशा वेळी सोसायटीच्या कार्यालयात थकबाकीची आणि कर्जाच्या नोंदीची चौकशी करावी, दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक २ पाहून मालकी पडताळावी, आणि अनामतीची संपूर्ण रक्कम बँकेमार्फत देऊन व्यवहाराचा क्रमांक नोंदणीकृत करारात लिहून घ्यावा. मुद्रांक वाचवण्यासाठी करारात कमी आकडा दाखवला तर न दाखवलेला पैसा सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते, आणि त्यातून वाचणारे शुल्क, वर दिलेल्या दराने, अवघे काहीशे रुपयांचेच असते.

परतफेडीला उशीर झाला तरी त्याची किंमत असते: ६ लाख रुपये दोन महिने रखडले तर शेकडा ७ दराने ७,००० रुपये जातात, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळाची भाडेबचत पुसली जाते. म्हणून घराची किल्ली आणि अनामतीची रक्कम एकाच दिवशी एकमेकांच्या हाती देण्याची अट, उशीर झाल्यास ठरावीक दराने व्याज देण्याचे कलम, आणि रंगकाम व दुरुस्तीसाठी होणाऱ्या कपातीची कमाल मर्यादा, या तीन गोष्टी करारावर सही करण्याआधीच लेखी ठरवून घ्याव्या लागतात. किल्ली परत दिल्यानंतर त्यांबद्दल बोलण्याची ताकद भाडेकरूकडे उरत नाही.