आकडा कोणाच्या शरीराचा?



गोंदियाच्या भातगिरणीत पोती वाहणारा आमच्या संघटनेतील एक तरुण मागल्या उन्हाळ्यात मनगट पुढे करून आमच्यासमोर उभा राहिला. दिवसभर ५० किलोची पोती वाहूनही घड्याळातील उष्मांकांचा आकडा त्याला फार थोडा वाटत होता. उलट तेच घड्याळ घरी बिड्या वळणाऱ्या आईच्या हाती बांधले, तर बसल्या जागी पावले मोजू लागले!

घड्याळाला हाताची हालचाल कळते, आणि तळाच्या हिरव्या प्रकाशाने नाडी कळते. उष्मांक ते मोजत नाही. या दोहोंवरून व आपण भरलेल्या वय, उंची, वजनावरून अंदाज बांधते. पाठीवरचे पोते त्याला दिसत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० माणसांवर सात घड्याळे तपासली व २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा घड्याळांच्या नाडीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगले घड्याळही सरासरी २७ टक्के चुकले. म्हणजे खरा खर्च ४०० असता ते ५०८ दाखवू शकते. त्या भरवशावर जेवणारा रोज एक पोळी जास्तच खाईल.

चरबी सांगणाऱ्या वजनकाट्याचेही तेच. तो एका तळपायातून सौम्य वीज सोडतो व दुसऱ्यातून परत घेतो. पाणी असलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. हा अडथळा मोजून चरबीचा हिशेब सूत्राने होतो. म्हणून घाम गाळून, पाणी न पिता उभे राहिलात, तर चरबी वाढलेली दिसते. शिवाय वीज मुख्यत्वे पायांतून फिरते. पोटाची चरबी तिच्या वाटेवर फारशी येत नाही.

आणि आपली खोड तर पोटातच आहे. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक २२.३. पण क्ष-किरणांच्या तपासणीत युडकिनांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! परक्या शरीरांवर बेतलेले सूत्र आपल्याला का चुकीचे ठरते, ते येथे कळते.

मग यंत्र फेकावे काय? नको. काट्यावर सकाळी, शौचानंतर, पाणी पिण्यापूर्वी उभे राहावे आणि एका दिवसाचा आकडा सोडून महिन्याचा कल पाहावा. सोबत शिंप्याची टेप कमरेला लावावी: आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० ही मर्यादा मानतात.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, की भूक लागेल तेवढे जेव. आणि उद्या कोणी या घड्याळावरून तुझे श्रम मोजू लागला, तर आधी विचार, की पोते कोठे मांडले आहे?