पेट्रोलपेक्षा टोल जड

गाडी घेताना आपण मायलेज विचारतो. 1 लिटरला 15 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण 7 रुपये. मग उलव्याहून दक्षिण मुंबईत रोज कामाला जाणाऱ्याचा हिशेब मांडून पाहू.

अटल सेतूचा मोटारीसाठी 2024 मध्ये ठरलेला टोल एका फेरीला 250 आणि जाऊन-येऊन 375 रुपये. कामाचे 240 दिवस धरले, तर वर्षाला 90 हजार. घर आणि ऑफिस मिळून पार्किंगचे महिन्याला 2 हजार धरू. ते 24 हजार. रोजची धाव 50 किलोमीटर, वर्षाची 12 हजार. भागाकार केला की किलोमीटरला साडेनऊ रुपये. पेट्रोलपेक्षा जास्त!

वाशीमार्गे गेलात, तर ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल नाही. वेळ मात्र मोजावा लागतो. फास्टॅगचा वार्षिक पास अटल सेतूवर कामाचा नाही, तो राष्ट्रीय महामार्गांपुरताच.

आणि घरून काम सुरू झालं, तर टोल थांबेल. पार्किंगचं मासिक भाडं मात्र गाडी जागची न हलताही चालूच राहतं.